धागा: मासळीच्या स्टार्टअपचं पिच – समस्या, बाजार, टीम आणि आकडे कसे तपासायचे?

ठाणेकर_72

आमचा कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा बारा जणांचा गट आहे. थोडे थोडे पैसे घालून नव्या कंपन्यांत गुंतवतो. येत्या शनिवारी दादरला एका पिचवर निर्णय घ्यायचा आहे. गुणपत्रिकेत समस्येची स्पष्टता, बाजाराचा आकार, टीम आणि आर्थिक गृहीतकं असे चार रकाने आहेत, प्रत्येकी 25 गुण. गुण कसे द्यायचे यावर आमच्यातच एकमत नाही, म्हणून इथे विचारतो. नाव सांगत नाही.

धंदा असा : पहाटे भाऊच्या धक्क्यावर लिलावात मासे घ्यायचे, ठाण्यात साफ करून कापायचे आणि सकाळी 7 ते 11 मध्ये अ‍ॅपवरून घरपोच द्यायचे. ऑक्टोबरात सुरुवात केली, मेअखेर आठ महिने झाले. रोज सरासरी 40 ऑर्डर, सरासरी ऑर्डर 650 रुपयांची. पिचमधले दावे :

समस्या : ‘मुंबईकरांना ताजे, स्वच्छ मासे मिळत नाहीत.’
बाजार : महानगरातली एकूण मासळीची उलाढाल घेऊन ‘फक्त 1 टक्का मिळाला तरी पुरे’.
टीम : तीन संस्थापक. एक सॉफ्टवेअरवाला, एक मार्केटिंगवाली, तिसरा कोळीवाड्यातला, खरेदी तो करतो. भागीदारी 48, 48 आणि 4 टक्के.
आकडे : मार्जिन 40 टक्के, डिलिव्हरी 40 रुपये, नवा ग्राहक मिळवायला 150 रुपये. 18 महिन्यांत रोज 600 ऑर्डर. 75 लाख हवेत, बदल्यात 10 टक्के.

मला स्वतःला पिच आवडलं. मुलं मेहनती आहेत.

खाडीकाठ

75 लाखांना 10 टक्के म्हणजे कंपनीची किंमत साडेसात कोटी. वर्षाची विक्री 94 लाखांच्या आसपास. विक्रीच्या आठपट! इथेच नाही म्हणा.

हिशेबनीस

साडेसात कोटी ही तुमचे पैसे आत आल्यानंतरची किंमत, त्याआधीची पावणेसात. पण भाव घासाघीस करून खाली येतो, त्यामुळे तो सगळ्यात शेवटी बघायचा. आधी धंदा उभा राहतो का ते पाहू.

ठाणेकर, माझी सुरुवात 40 टक्के मार्जिनपासून असते, कारण उरलेली सगळी गणितं त्याच्यावर उभी आहेत. त्यांच्याकडून एक्सेलचं मॉडेल मागू नका. मागच्या महिन्याची खरेदीची वही मागा आणि त्याच महिन्यात ग्राहकांकडून प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम मागा. एकाला दुसऱ्याने भागा. एवढंच.

यामागचं कारण कोळंबीवरून कळेल. धक्क्यावर अख्खी कोळंबी समजा 380 रुपये किलोने घेतली. अ‍ॅपवर सोललेली पाव किलो 240 ला विकली. मॉडेलमध्ये बहुतेक जण पाव किलोचा खर्च 95 रुपये लिहितात, म्हणजे कागदावर 60 टक्के मार्जिन. पण डोकं आणि साल काढल्यावर कोळंबी साधारण निम्मी उरते. पाव किलो सोललेल्यासाठी अर्धा किलो अख्खी लागली, म्हणजे खर्च 190. हातात राहिले 50 रुपये, 21 टक्क्यांच्या आत. सुरमईत पोट आणि डोकं काढल्यावर पाव ते तिसरा हिस्सा जातो. विकत घेतलेलं वजन आणि विकलेलं वजन यांची गल्लत ही या धंद्याच्या पिचमधली सर्रास सापडणारी चूक आहे. त्यात फसवण्याचा हेतू बहुतेक वेळा नसतो, मॉडेल बनवणारा आणि मासा कापणारा वेगळे असतात एवढंच. महिन्याच्या एकूण खरेदीला एकूण विक्रीने भागलं की घट, खराब झालेला माल, न खपलेला माल, सगळं त्यात आपोआप येतं.

ठाणेकर_72

आत्ता फोन केला. मे महिन्यात 1200 ऑर्डर, 7 लाख 80 हजार जमा. खरेदी 5 लाख 62 हजार.

हिशेबनीस

म्हणजे 72 टक्के खरेदीतच गेले. मार्जिन 40 नाही, 28. साडेसहाशेच्या ऑर्डरमागे 182 रुपये राहतात. आता यातून एक ऑर्डर घरी पोचेपर्यंतचा खर्च वजा करायचा. बर्फ, डबा आणि पिशवीला किती, कापणाऱ्याला किती, डिलिव्हरीवाल्याला एका सकाळचे किती आणि त्यात तो किती घरं करतो, परतावे किती, ऑनलाइन पैशांवरचं शुल्क किती, हे विचारून घ्या. डिलिव्हरीचे 40 रुपये कुठून आले तेही.

ठाणेकर_72

बर्फ-पॅकिंग 38, कापणी 30. मुलगा सकाळचे 700 घेतो आणि 12 घरं करतो. 40 रुपये हा ‘पुढे 18 घरं करेल’ असं धरून काढलेला आकडा आहे. परतावे आणि तक्रारी विक्रीच्या 3 टक्के, पेमेंटचं शुल्क 2 टक्के.

हिशेबनीस

मग डिलिव्हरी आज 58 ला पडते. 38, 30, 58, परताव्याचे 20, शुल्काचे 13, मिळून 159. उरले 23 रुपये. भाडं, पगार आणि जाहिरात यायची आहे अजून.

नवउद्योगी

पण हिशेबनीस, आकार वाढला की हेच आकडे सुधारतात. एकाच टॉवरमध्ये चार ऑर्डर आल्या की मुलगा 18 घरं सहज करेल. सुरुवातीच्या कंपनीला आजच्या 23 रुपयांवर मोजणं अन्याय आहे.

हिशेबनीस

डिलिव्हरीबद्दल तुमचं बरोबर आहे. 18 घरं झाली तर 39 रुपये पडतील, म्हणजे ऑर्डरमागे 19 रुपयांची सुधारणा. ती खरी आहे आणि मी ती धरेन. पण सगळ्यात मोठा खर्च खरेदीचा, आणि तो लिलावात ठरतो. कारखान्यातून दहापट माल उचलला तर भाव पाडून मिळतो. लिलावात एकाच जातीची आणि आकाराची दहापट मासळी उचलायला गेलात तर बोली तुम्हीच वर नेता. म्हणून ‘आकार वाढला की खरेदी 60 टक्क्यांवर येईल’ हे वाक्य मॉडेलमध्ये असेल तर कशामुळे येईल ते विचारायचं. कमी घटीचे मासे जास्त विकणार, थेट बोटवाल्यांशी ठरवणार, काहीतरी ठोस हवं.

पालवी

मला आकड्यांपेक्षा पहिल्या रकान्याचं बोलायचं आहे. ‘ताजे, स्वच्छ मासे मिळत नाहीत’ ही समस्या कोणाची आहे? जुन्या ठाण्यात बाजारात जाणाऱ्या बाईची नाही. ती कल्ले उघडून लाल आहेत का बघते, बोट दाबून बघते, कोळीण समोर कापून देते, सुटे नसतील तर ‘पुढच्या वेळी द्या’ म्हणते. अ‍ॅपला यातलं काहीच जमत नाही, आणि वर ते महागही आहे. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधल्या घराचं मात्र वेगळं आहे. बाजार लांब, पाटीवालीला गेटवर सोडत नाहीत, दोघं नोकरीला, आणि साफ केलेल्या माशाचा कचरा रविवारी दुपारपर्यंत घरात वास मारतो. त्यांची अडचण ताजेपणाची नाहीच. त्यांना बाजारात जाणं आणि साफसफाई नको आहे.

कोणती समस्या खरी ते संस्थापकांना विचारून कळणार नाही, ते दोन्ही म्हणतील. ऑर्डरची यादी पिनकोडप्रमाणे लावायला सांगा आणि तीन किंवा जास्त वेळा परत आलेले ग्राहक कुठले ते बघा. बाजाराजवळच्या भागातून लोक कूपनवर एकदा येऊन गेले असतील आणि घोडबंदरचे टिकले असतील, तर समस्या सापडली. फक्त पिचच्या पहिल्या स्लाइडवर ती लिहिलेली नाही.

मालवणी_मसालेवाली

चांगला धागा. मी घरगुती मसाले आणि आगळ विकते, पुढच्या महिन्यात एका स्पर्धेत पिच करायचं आहे. स्लाइड किती ठेवू? दहा पुरतात का? आणि 1 टक्क्याचं गणित सगळे दाखवतात, मीही तेच करणार होते.

पालवी

ताई, दहा पुरतात. पण 1 टक्क्याची स्लाइड काढून टाका. त्याऐवजी सांगा की आज किती घरं घेतात, एक पाकीट किती दिवस पुरतं, आणि शंभरपैकी कितींनी दुसऱ्यांदा मागवलं. तुमच्याकडे तो हिशेब वहीत असणारच.

शिवडीकर

‘ताजे’ या शब्दावर थांबायला हवं, कारण पूर्ण पिच त्यावर आहे. धक्क्यावर आज लिलाव झाला याचा अर्थ मासा आज पकडला असा होत नाही. मोठे ट्रॉलर एका फेरीला कित्येक दिवस समुद्रात असतात, पहिल्या दिवशीचा मासा तेवढे दिवस खणात बर्फात पडून असतो. तो नीट बर्फात ठेवला असेल तर उत्तमच असतो, पण ‘आज पहाटे पकडलेला’ असं अ‍ॅपवर लिहिलं तर ते खोटं ठरतं. खरेदी करणाऱ्या मुलाला विचारा : कोणत्या बोटीचा माल घेतोस, मोठ्या की एका दिवसात परतणाऱ्या छोट्या? बर्फ किती घालतोस? आपल्या हवेत माशाच्या वजनाइतकाच बर्फ लागतो, किलोला किलो. हिशेबात बर्फ त्याहून फारच कमी दिसला तर परतावे 3 टक्क्यांवर राहणार नाहीत, निदान मे महिन्यात तरी नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑक्टोबर ते मे म्हणालात ना? म्हणजे त्यांनी धंद्याचा फक्त चांगला हंगाम पाहिला आहे. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस, आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्याची बंदी 15 एप्रिल ते 14 जून, त्यामुळे जूनच्या मध्यानंतर तिकडचा माल ट्रकने येतो, आंध्रातले रोहू-कटला येतात, शीतगृहातला माल येतो. मासा मिळतो, पण भाव वेगळा, जाती वेगळ्या, आणि ‘पहाटे धक्क्यावर, दुपारी ताटात’ हे वचन त्या दोन महिन्यांत पाळता येत नाही. बंदी उठते न उठते तोच श्रावण. मग गणपती, मग नवरात्र. पुरवठा असतो तेव्हा अर्धी मराठी गिऱ्हाइकं खात नाहीत. बाराही महिन्यांना सारखी विक्री धरली असेल तर ते मॉडेल मुंबईचं नाही.

ठाणेकर_72

मॉडेलमध्ये बाराही महिने सारखेच आहेत. 600 गुणिले 365.

खाडीकाठ

मी म्हणालो होतो.

डबल_शिफ्ट

वर्षाचं झालं, आठवड्याचंही बघा. सोमवारी, गुरुवारी कितीतरी घरांत मासे चढत नाहीत, मंगळवारी गणपतीवाले, शनिवारी मारुतीवाले. ऑर्डर वारांप्रमाणे मागवून घ्या.

ठाणेकर_72

मिळाल्या. मेच्या एका आठवड्यात 280 ऑर्डर. रविवारी 110, बुधवारी 65, शुक्रवारी 60. उरलेल्या चार दिवसांत मिळून 45, त्यात सोमवारी फक्त 5.

डबल_शिफ्ट

म्हणजे ‘रोज 40’ असा दिवसच नाही. आता त्यांचं स्वप्न खरं झालं असं समजून पंधरापट करा. सरासरी 600 म्हणजे रविवारी 1650 आणि सोमवारी 75. सगळ्या ऑर्डर सकाळी चार तासांत. एक मुलगा 12 घरं करतो, तर रविवारी 137-138 मुलं लागतील, 18 केली तरी 92. सोमवारी यातली सहा-सात पुरतील. उरलेल्यांना काय देणार? रोज पगार दिला तर पैसे बुडाले, फक्त रविवारचं काम दिलं तर दुसऱ्या रविवारी मुलगा येत नाही. कापणाऱ्यांचंही तेच. सरासरीवर उभी केलेली सगळी मॉडेल्स इथे मोडतात. याला उत्तर नाही असं मी म्हणत नाही. रविवारची डिलिव्हरी दुसऱ्या कंपनीच्या मुलांकडून करून घेता येईल, शनिवारी संध्याकाळी मॅरिनेट केलेले डबे देता येतील. पण उत्तर पिचमध्ये दिसायला हवं.

सुमेधा_जी

नवा ग्राहक 150 ला, हा आकडा कसा काढला?

ठाणेकर_72

तीन महिन्यांत जाहिरातीला 1 लाख 80 हजार, अ‍ॅपवर 1200 नोंदणी.

सुमेधा_जी

नोंदणी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. त्या 1200 पैकी पैसे देऊन पहिली ऑर्डर कितींनी केली?

ठाणेकर_72

450. पहिल्या ऑर्डरवर 100 रुपयांचं कूपन आहे.

सुमेधा_जी

मग जाहिरातीचे 400 आणि कूपनचे 100, एका खऱ्या ग्राहकामागे 500 रुपये. आता तो किती टिकतो ते बघायचं. जानेवारीत पहिल्यांदा आलेले सगळे घ्या आणि त्यातले फेब्रुवारी, मार्च, एप्रिलमध्ये किती परत आले ते मागा. एकूण ग्राहकसंख्येचा चढता आलेख नको, तो जाहिरात चालू असेपर्यंत चढतोच.

ठाणेकर_72

जानेवारीत 150 नवे. फेब्रुवारीत 66, मार्चमध्ये 45, एप्रिलमध्ये 38. चार महिन्यांत या 150 जणांच्या एकूण ऑर्डर 690. टिकलेले महिन्यातून तीनपेक्षा थोडं जास्त वेळा घेतात, 3.2.

सुमेधा_जी

प्रत्येकी 4.6 ऑर्डर, गुणिले 23, म्हणजे चार महिन्यांत 106 रुपये परत आले, 500 पैकी. पुढचा भार उरलेल्या 38 जणांवर. ते महिन्याला साधारण 2800 रुपये कमावून देतात आणि भरून काढायचे आहेत 59 हजार. एकही जण सोडून गेला नाही तरी 21 महिने.

पण 45 वरून 38 ही घट आधीच्यापेक्षा मंद आहे, हे विसरू नका. हा गट इथेच स्थिरावला तर यांच्याकडे खरे गिऱ्हाईक आहेत. मे-जूनचे आकडे आल्याशिवाय सांगता येणार नाही.

हिशेबनीस

सुमेधाताई, एक दुरुस्ती. ताज्या माशांवर जीएसटी शून्य आहे, म्हणून जाहिरातीवर भरलेला 18 टक्के जीएसटी त्यांना परत वळता करून घेता येत नाही. तो सरळ खर्च. त्यांनी 1 लाख 80 हजार करासह लिहिले की कर सोडून?

ठाणेकर_72

कर सोडून.

हिशेबनीस

मग 2 लाख 12 हजार 400. एका ग्राहकामागे 472, कूपन धरून 572. तुमचे 21 महिने 25 वर गेले. पॅकिंग आणि भाड्यावरच्या करालाही हेच लागू, तेही आकडे करासह मागवा.

नवउद्योगी

मान्य. पण मग बाजाराचा रकाना? तुम्ही लोक सगळंच लहान करून टाकता. उद्या टॉवर वाढतच जाणार आहेत.

पालवी

तो रकाना खालून वर मोजायचा. समजा घोडबंदरच्या केंद्रापासून मुलगा वेळेत पोचेल अशा पट्ट्यात 40 हजार घरं आहेत. हा आकडा संस्थापकांनी सोसायट्यांची यादी करून द्यायचा, अंदाजाने नाही. त्यातली 60 टक्के मासे खाणारी धरली तर 24 हजार. त्यातली दहातली एक नियमित घेणारी झाली तर 2400 घरं, महिन्याला 3.2 ऑर्डर, 650 रुपये, म्हणजे जवळपास 50 लाख महिन्याला. बंदी-श्रावणामुळे दहाच महिने धरले तर वर्षाला पाच कोटी. एका केंद्राचा हा चांगला धंदा आहे. त्यांचं 600 ऑर्डरचं लक्ष्य वर्षाला सव्वाचौदा कोटींचं होतं, म्हणजे अशी तीन केंद्रं लागतील. मॉडेलमध्ये केंद्राचं भाडं किती वेळा आहे?

ठाणेकर_72

एकदाच.

खाडीकाठ

दहातलं एक घर फारच उदार आहे. मी पंचवीसात एक धरेन.

पालवी

धरा. म्हणूनच दोनशे घरांना गेटवर उभं राहून विचारायचं : मागच्या वेळी मासे कधी, कुठून, कितीला घेतले? ‘अ‍ॅपवरून घ्याल का’ हे विचारायचं नाही, त्याला सगळे हो म्हणतात.

शिवडीकर

टीमबद्दल कोणीच बोललं नाही. 48, 48, 4. पहाटे साडेतीनला धक्क्यावर उभा राहणारा, कुठला पापलेट कालचा हे ओळखणारा, ज्याच्या ओळखीवर दलाल उधारी देतो, तो 4 टक्क्यांवर. 72 टक्के खर्च ज्याच्या हातातून जातो तो उद्या दुसऱ्याकडे गेला तर या कंपनीत अ‍ॅप उरतं.

नवउद्योगी

त्याला पगार मिळत असेल. पैसे बाकीच्या दोघांनी घातले असतील. भागीदारी नुसत्या मेहनतीवर ठरत नाही.

ठाणेकर_72

पगार 30 हजार घेतो. दोघांनी सहा-सहा लाख घातले आहेत. सॉफ्टवेअरवाला अजून ऐरोलीत नोकरी करतो.

सुमेधा_जी

मग नोकरी करणाऱ्याकडे 48 आणि रोज पहाटे उठणाऱ्याकडे 4, हे पैसे घातले म्हणूनही पटत नाही. सगळ्यांची भागीदारी चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळेल आणि पहिलं वर्ष पूर्ण झाल्याशिवाय काहीच नाही, अशी अट घाला, संस्थापकांवरही. आणि तिघांना वेगवेगळं बसवून एकच प्रश्न विचारा : तो मुलगा आठ दिवस आजारी पडला तर खरेदी कोण करेल?

शिवडीकर

दलालाची उधारी कंपनीच्या नावावर आहे की त्याच्या, तेही विचारा.

नवउद्योगी

भागीदारीबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण आजारपणाचा प्रश्न योग्य आहे.

ठाणेकर_72

माझी गुणपत्रिका अशी झाली : समस्या 12, कारण ती आहे पण चुकीची लिहिली आहे. बाजार 14. टीम 10. आकडे 6.

हिशेबनीस

बेरीज करू नका. आकड्यांचे 6 हे टीमच्या रकान्यातून आलेत, मॉडेल लिहिणाऱ्याने कापणाऱ्याला विचारलं नाही म्हणून. आज तुम्ही फोन केल्यावर त्यांनी खरे आकडे तासाभरात, न लपवता दिले, याची मात्र नोंद कुठेतरी घ्या.

खाडीकाठ

तरीही साडेसात कोटी नाही.

ठाणेकर_72

गटाला असं सुचवणार आहे : शनिवारी हो किंवा नाही म्हणायचं नाही. जून-जुलैची खरेदीची वही, पिनकोडप्रमाणे परत आलेले ग्राहक आणि जानेवारीच्या 150 जणांचे जुलैपर्यंतचे आकडे घेऊन त्यांनी पुन्हा यावं. भाव तेव्हा बोलू.

शिवडीकर

जुलै पुरणार नाही. श्रावण सरल्यावर बोलवा.

नवउद्योगी

तोपर्यंत त्यांच्याकडे पगाराला पैसे उरतील का, हे कोणी विचारलं आहे?

ठाणेकर_72

नाही. उद्या सकाळी विचारतो.